वाढीचा टक्का तक्त्याशी जुळतो का?

जानेवारी २०२३ मध्ये टेस्ला या अमेरिकी मोटार कंपनीने भागधारकांसाठी तिमाही निवेदन काढलं. गाड्यांची संख्या दरवर्षी ५० टक्के चक्रवाढ दराने वाढवायची, असं कंपनी २०२१च्या सुरुवातीपासून सांगत होती आणि २०२३ मध्येही आपण या दराच्या पुढेच राहू, असं या निवेदनात म्हटलं होतं. त्याच परिच्छेदात २०२३चा आकडाही होता, सुमारे १८ लाख गाड्या. आदल्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, कंपनीने ग्राहकांच्या हाती १३ लाख १४ हजार गाड्या दिल्या होत्या. १३.१४ लाखांवरून १८ लाख म्हणजे वाढ झाली ३७ टक्के. मग ३७ टक्के वाढणारी कंपनी ५० टक्क्यांच्या पुढे कशी?

वरवर पाहता ही थाप वाटते, पण ती थाप नव्हती. उत्तर पायाभूत वर्षात होतं. कंपनी मोजत होती २०२० पासून, आणि त्या वर्षी तिने जेमतेम ५ लाख गाड्या दिल्या होत्या. ५ लाखांना तीनदा दीडपट करा. पहिल्या वर्षी साडेसात लाख होतात, दुसऱ्या वर्षी सव्वाअकरा लाख आणि तिसऱ्या वर्षी १६ लाख ८७ हजार. २०२३ मध्ये १८ लाख गाड्या दिल्या, तर कंपनी या रेषेच्या वरच राहते. मधल्या काळात २०२१ साली विक्री एकाच वर्षात ८७ टक्क्यांनी उसळली होती. पुढच्या दोन वर्षांची कमतरता त्या एका वर्षाच्या शिलकीतून भरून निघत होती.

कंपन्यांच्या सादरीकरणांत, बाजारपेठेच्या अहवालांत आणि बँकेत दाखल होणाऱ्या प्रकल्प अहवालांत ज्याला सीएजीआर म्हणतात, तो चक्रवाढ वार्षिक वाढीचा दर असाच चालतो. त्याला फक्त पहिला आकडा, शेवटचा आकडा आणि मधलं अंतर एवढंच कळतं. विक्री दरवर्षी एकाच टक्क्याने वाढली असती तर कोणत्या टक्क्याने इथून तिथे पोहोचली असती, एवढाच प्रश्न तो सोडवतो. मधली वर्षं कशी गेली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणूनच हा टक्का आणि त्याच्याखाली छापलेला वर्षवार तक्ता एकमेकांशी जुळतात का, हे वेगळं तपासावं लागतं. गंमत अशी की बहुतेक वाचक टक्का वाचतात आणि तक्ता ओलांडून पुढे जातात.

तपासणी कशी करायची हे पाहायला उदाहरणादाखल एक छोटा उद्योग मांडू. लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढून विकणारा एक उद्योजक बँकेकडे कर्ज मागतो. २०२४-२५ मधली त्याची प्रत्यक्ष विक्री १२० लाख रुपये आहे. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज त्याने १३८, १६२, १९३, २४० आणि ३२० लाख असा दिला आहे, म्हणजे २०२९-३० मध्ये ३२० लाख. अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘विक्रीत २८ टक्के सीएजीआर अपेक्षित’.

कर्ज विभागातला अनुभवी माणूस संगणकाला हात लावण्याआधीच इथे थबकेल. २८ टक्क्यांनी वाढणारी रक्कम तीन वर्षांच्या आत दुप्पट होते. १२० लाखांची विक्री मग २०२७-२८ पर्यंत २४० लाखांच्या पुढे गेलेली दिसायला हवी. तक्त्यात त्या वर्षी आहेत १९३ लाख. दुप्पट होते ती त्याच्याही पुढच्या वर्षी. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं यातून कळतं. कुठे, ते अजून कळत नाही.

आता सरळ हिशोब. शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागायचं, ३२० भागिले १२० म्हणजे २.६७ पट. ही पट जितक्या उड्यांमध्ये गाठली, तितकं मूळ काढायचं आणि त्यातून एक वजा करायचा. एक्सेलमध्ये हे दोन प्रकारे लिहिता येतं आणि दोन्हीचं उत्तर एकच येतं.

```
=(320/120)^(1/5)-1
=RRI(5,120,320)
```

उत्तर येतं ०.२१६७, म्हणजे २१.७ टक्के. अहवाल म्हणतो २८. हा सहा टक्क्यांचा फरक आला कुठून?

अशा वेळी दर चुकला एवढं म्हणून फाइल परत पाठवता येते, पण चूक कुठल्या जातीची आहे हे ओळखलं तर जास्त कळतं. बहुतेक घोटाळा उड्या मोजण्यात असतो. पाच बोटांमध्ये फटी चारच असतात. अंदाजाची वर्षं आहेत पाच, २०२५-२६ ते २०२९-३०. अहवाल करणाऱ्याने ३० मधून २६ वजा केले आणि चार उड्या धरल्या. त्या पाच वर्षांपुरतं ते बरोबरही आहे. पण भागाकारासाठी पायाचा आकडा मात्र त्याने २०२४-२५चा घेतला, जो त्या पाच बोटांच्या बाहेरचा आहे. तो धरला की उडी एक जास्त होते. वरच्या सूत्रात ५ च्या जागी ४ घालून पाहिलं की उत्तर येतं २७.८ टक्के, म्हणजे अहवालातले २८. चूक सापडली, आणि ती बदमाशी नसून धांदल असावी हेही कळलं.

उलट्या दिशेची चूकही होते. तक्त्यात पायाभूत वर्षासकट सहा रकाने दिसतात, म्हणून कुणी सहावं मूळ काढतं. मग तोच तक्ता १७.८ टक्क्यांचा होतो आणि उद्योजक स्वतःच्या अंदाजाला विनाकारण कमी लेखतो. तिसरी चूक जुन्या सरळव्याजी सवयीतून येते. एकूण वाढ १६७ टक्के, तिला पाचाने भागलं की ३३ टक्के. इथे चक्रवाढ गायबच झालेली असते. तक्ता एक, टक्के तीन, आणि तिन्ही चुकीचे. वर्षवार वाढीच्या टक्क्यांची साधी सरासरी काढणारेही असतात. या तक्त्यात ती २१.८ येते, म्हणजे खऱ्या दराच्या अगदी जवळ. हा मात्र नशिबाचा भाग आहे. वाढ जितकी वरखाली होईल, तितकी साधी सरासरी खऱ्या दराच्या वर सरकते.

ताडून पाहायची आणखी एक रीत आहे, आणि सूत्रापेक्षा ती लोकांना लवकर पटते. दावा खरा मानायचा आणि तो शेवटपर्यंत चालवून पाहायचा. १२० लाखांना पाच वेळा १.२८ ने गुणलं की २०२९-३० मध्ये ४१२ लाख यायला हवेत. तक्त्यात आहेत ३२०. म्हणजे पहिल्या पानावरचा टक्का आणि आतला तक्ता यांच्यात ९२ लाख रुपयांची दरी आहे. टक्क्यातली तफावत किरकोळ वाटते, पण रुपयांत मांडली की ती तशी वाटत नाही.

प्रत्येक तफावतीला चूक म्हणायची घाई मात्र करू नये. समजा, अहवालात लाखाऐवजी कोटीत आकडे आहेत, १.२ कोटीवरून ३.२ कोटी. हे आकडे पूर्णांकित केलेले असणार. १.२ म्हणजे प्रत्यक्षात १.१५ ते १.२५ यातलं काहीही असू शकतं आणि ३.२ म्हणजे ३.१५ ते ३.२५. सर्वांत प्रतिकूल जोडी घेतली तर दर २०.३ टक्के येतो, सर्वांत अनुकूल जोडी घेतली तर २३.१. त्यामुळे अहवालात २१ लिहिलं असेल किंवा २३, तरी ओरड करण्यात अर्थ नाही. २८ मात्र या पट्ट्यात कुठेच बसत नाही. तपासणाऱ्याने हा पट्टा आधी काढून ठेवला की दशांशावरून होणारे निम्मे वाद टळतात.

बाजारपेठेच्या आकाराचे अंदाज विकणाऱ्या संस्थांच्या वाक्यांत हाच घोळ जास्त सफाईने लपतो. अशा वाक्याचा साचा ठरलेला असतो. अमुक बाजार २०२४ मध्ये ५०० कोटींचा होता, २०३० मध्ये तो १,००० कोटींचा होईल, २०२५ ते २०३० या काळात सीएजीआर १४.९ टक्के. ऐकायला सगळं ठीक वाटतं. पण २०२४ ते २०३० या सहा उड्या आहेत आणि सहा उड्यांत दुप्पट व्हायला १२.२ टक्के पुरतात. १४.९ टक्के लागतात ते पाच उड्यांत दुप्पट व्हायला, म्हणजे सुरुवात २०२५ पासून. तसं असेल तर २०२५ मध्येही बाजार ५०० कोटींचाच असायला हवा. मग वाक्याचा अर्थ असा निघतो की पहिल्या वर्षी बाजार तसूभरही हलणार नाही आणि दुसऱ्या वर्षापासून एकदम १५ टक्क्यांनी धावेल. असं कुणालाच म्हणायचं नसतं. अशा वेळी अहवालातला २०२५चा आकडा मागावा. तो मिळाला की कोणता दर कुठून मोजला, ते लगेच उघड होतं.

टक्का आणि टोकं जुळली तरी काम अर्धंच झालेलं असतं. तेलवाल्याच्या अहवालात २८ खोडून २१.७ लिहिलं, तरी मधली वर्षं उरतातच. वर्षवार वाढ काढली तर तक्ता वेगळंच बोलतो. पहिल्या वर्षी १५ टक्के, मग १७, मग १९, मग २४ आणि शेवटच्या वर्षी तब्बल ३३. एकही वर्ष २१.७ टक्क्यांचं नाही. तीन वर्षं सरासरीच्या खाली चालायचं आणि शेवटच्या दोन वर्षांत सगळी कसर भरून काढायची, असा हा बेत आहे. उद्योजकांच्या अंदाजांत असा आकार इतक्यांदा दिसतो की बँकवाले तो आलेख पाहिल्या पाहिल्या ओळखतात. आधी बराच सपाट, मग शेवटी उभा. जवळच्या वर्षाचा आकडा लवकर तपासला जाणार असतो, म्हणून तो हात राखून लिहिला जातो. पाचव्या वर्षाला विचारायला कोण येणार?

बँकेच्या दृष्टीने यात खरी मेख आहे. विक्री दरवर्षी एकसारखी २१.७ टक्क्यांनी वाढली असती तर आकडे १४६, १७८, २१६, २६३ आणि ३२० असे आले असते. पाच वर्षांची बेरीज ११२३ लाख. तक्त्यातल्या आकड्यांची बेरीज आहे १०५३ लाख. सीएजीआर तोच, शेवटचा आकडाही तोच, पण वाटेत ७० लाखांची विक्री कमी. हप्ता तर दर महिन्याला जातो, पाचव्या वर्षाची वाट पाहत नाही. परतफेडीचं वेळापत्रक कुणी टक्क्याकडे बघून आखलं, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी खात्यात पैसा अपुरा पडेल, आणि तेव्हा उद्योजक प्रामाणिकपणे म्हणेल की विक्री तर अंदाजाप्रमाणेच चालली आहे.

दुसरी बाजू पायाभूत वर्षाची. तिथला आकडा आजारी असेल तर पुढचा सगळा हिशोब फुगतो. भारतातल्या मोटारींचंच घ्या. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये देशात ४२ लाख १९ हजार प्रवासी वाहनं विकली गेली. २०२०-२१ मध्ये, म्हणजे कोविडच्या वर्षात, हा आकडा २७ लाख ११ हजार होता. तिथून मोजलं तर तीन उड्यांत वर्षाला १५.९ टक्के वाढ दिसते, आणि हा दर पुढे पाच वर्षं ओढला तर सुट्या भागांच्या कुठल्याही कारखान्याचा अंदाज देखणा होईल. पण २०१८-१९ मध्ये ३३ लाख ७७ हजार वाहनं विकली गेलीच होती. तिथून २०२३-२४ पर्यंत पाच उड्या धरल्या की दर येतो फक्त ४.६ टक्के. दोन्ही हिशोब बिनचूक आहेत. तेलाच्या धंद्यातही हे होतं, फक्त लहान प्रमाणात. घाणा ऑक्टोबरमध्ये सुरू झाला असेल तर पहिल्या आर्थिक वर्षात विक्री सहाच महिन्यांची असते. पुढच्या वर्षी ती दुप्पट दिसली, तरी दर महिन्याचा खप कदाचित तेवढाच असेल.

टेस्लाची गोष्ट इथे पुढे न्यावी लागते, कारण तिचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे दोन्ही आता समोर आहेत. २०२३ मध्ये कंपनीने १८ लाख ९ हजार गाड्या दिल्या, म्हणजे सांगितल्याप्रमाणेच. २०२० पासूनचा दर भरला ५३.५ टक्के. पण तोच हिशोब एक वर्ष पुढे सरकवून २०२१ पासून केला तर तो येतो ३९ टक्के. शीर्षकातला टक्का अजून पन्नाशीच्या वर होता, तेव्हाच आतली वाढ ८७ वरून ४० आणि ४० वरून ३८ वर उतरली होती. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने स्वतःच सांगितलं की या वर्षी वाढीचा वेग लक्षणीयरीत्या कमी असू शकतो. तो शून्याच्याही खाली गेला. २०२४ मध्ये गाड्या गेल्या १७ लाख ८९ हजार, आदल्या वर्षापेक्षा एक टक्क्याने कमी. चार वर्षांचा दर एका फटक्यात ३७.५ वर आला. वर्षवार आकडे पाहणाऱ्याला उतार दोन वर्षं आधीच दिसत होता.

याच कंपनीचं आणखी एक उद्दिष्ट होतं. २०३० पर्यंत वर्षाला २ कोटी गाड्या, असं तिचे प्रमुख इलॉन मस्क २०२० पासून सांगत होते. हे आणि ५० टक्के ही दोन विधानं एकमेकांशी ताडून पाहिली तर काय दिसतं? ५ लाखांना दहा वेळा दीडपट केलं की २०३० मध्ये २ कोटी ८८ लाख गाड्या होतात. २ कोटींपर्यंत जायला ४४.६ टक्के पुरे होते. दहा उड्यांमध्ये दरातला साडेपाच टक्क्यांचा फरक ८८ लाख गाड्यांचा होतो. टोयोटा ही जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी सगळ्या प्रकारच्या मिळून वर्षाला सुमारे १ कोटी गाड्या विकते, यावरून या फरकाचा आकार कळावा. ५० टक्के दर अनेक वर्षांसाठी आहे असं कंपनी म्हणे, पण किती वर्षांसाठी ते सांगत नसे, त्यामुळे याला उघड विसंगती म्हणता येत नाही. मुदत न सांगितलेला सीएजीआर तपासायला अवघड असतो, हे इथे नीट दिसतं. २०२४च्या आकड्यावरून २ कोटी गाठायचे तर सहा वर्षं सलग ४९.५ टक्क्यांनी वाढावं लागलं असतं. २०२४ मध्ये निघालेल्या कंपनीच्या वार्षिक परिणाम अहवालातून २ कोटींचा उल्लेख गळलेला होता.

तेलाच्या घाण्यावर यायचं तर टक्का, टोकं आणि मधली वर्षं जुळल्यावर अनुभवी अधिकारी आणखी एक पान उलटतो, यंत्रसामग्रीचं. रुपयांतली विक्री म्हणजे लिटर गुणिले भाव. तेल ४०० रुपये लिटर धरलं तर १२० लाख म्हणजे ३० हजार लिटर आणि ३२० लाख म्हणजे ८० हजार लिटर. एका घाण्यावर दिवसाला शंभर किलो दाणे गाळले जातात आणि वर्षात तीनशे दिवस काम चालतं असं धरू. दाण्याच्या वजनाच्या बेचाळीस टक्क्यांच्या आसपास तेल सुटलं तर घाण्यामागे वर्षाला साधारण १४ हजार लिटर मिळतं. आजच्या ३० हजार लिटरसाठी तीन घाणे पुरून उरतात. शेवटच्या वर्षाच्या ८० हजारांसाठी सहा लागतील. अहवालात आहेत सध्याचे तीन आणि कर्जातून घ्यायचे दोन. पाच घाणे ७० हजार लिटरच्या पुढे जात नाहीत. मग ३२० लाख येणार कुठून? एक तर लिटरचा भाव ४५७ रुपयांच्या आसपास जाईल असं मनात धरलेलं असतं. तसं असेल तर दाण्याचा भावही वाढवून खर्चाचा तक्ता पुन्हा मांडायला हवा. नाहीतर सहाव्या घाण्याची किंमत कर्जाच्या मागणीत यायची राहून गेली आहे.